डंपर, आंधळी जागा, बेंच आणि धूळ: चार कागद वेगळे, पण रस्ता एकच

प्रश्न: "सर, वणी भागातल्या एका ओपनकास्ट कोळसा खाणीत ठेकेदाराकडे सेफ्टीचं काम करायला लागून दोन महिने झाले. डंपर, ब्लाइंड स्पॉट, बेंचचा उतार आणि धूळ या चार धोक्यांवर उपाय लिहून द्या असं मॅनेजर साहेबांनी सांगितलंय. हेल्मेट, जॅकेट, बोर्ड यापलीकडे काही सुचत नाही. सुरुवात कुठून करू?"

तुमची अडचण उपाय न सुचण्याची नाही. चार धोके चार रकान्यांत वेगळे लिहायला लावलेत, तिथे घोळ आहे. धूळ उडाली की आंधळी जागा वाढते. धुळीवर पाणी मारलं की उतारावर टायरची पकड कमी होते आणि ब्रेक लावूनही डंपर उशिरा थांबतो. तेच पाणी वाट काढत बेंचच्या, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीच्या, कडेला मुरलं की तडा रुंदावतो. आणि बेंच अरुंद झाली की डंपर कडेजवळून चालू लागतो. म्हणून तुमच्या खाणीतला एक डंपर शॉवेलपासून डंप यार्डापर्यंत आणि परत असा डोळ्यांनी चालवा, आणि त्या वाटेवर काय काय घडू शकतं ते लिहा.

एक आधीच सांगतो. मी पुढे जे आकडे देतो त्यांपैकी कायद्यातले सगळीकडे लागू आहेत, पण माझ्या मापातले तुमच्याकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. तुमच्याकडे ६० टनी डंपर आहेत की ठेकेदाराचे हायवे टिप्पर, की दोन्ही एकाच रस्त्यावर, यावर बरंच ठरतं. वरची माती किती जाड आहे, पाणी कुठून येतं, यावरही. मी बावीस वर्षं चंद्रपूर-वणी पट्ट्यात काढली, सिरदार म्हणून लागलो आणि नंतर सेफ्टीकडे आलो. त्यामुळे उदाहरणं तिथलीच येणार.

आंधळ्या जागेपासून सुरू करतो, कारण ती मी जवळून पाहिली आहे. दुपारी दोनची शिफ्ट बदलत होती. एका सुपरवायझरची जीप ६० टनी डंपरच्या उजव्या बाजूला, पुढच्या टायरच्या थोडी पुढे थांबली. काम काय, तर चिठ्ठी द्यायची होती. ऑपरेटर नवा चढलेला, त्याने हॉर्न दिला आणि गिअर टाकला. समोरच्या बेंचवरच्या शॉवेल ऑपरेटरला वरून दिसलं, त्याने हॉर्न दाबून धरला म्हणून डंपर थांबला. तोवर टायर जीपच्या बॉनेटला लागला होता. आतला माणूस दुसऱ्या दाराने उडी मारून निघाला. चौकशीत पहिलं वाक्य आलं, "ऑपरेटरने बघितलं नाही." ते वाक्य खोडायला मला दोन दिवस लागले. त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

कसं, ते टेपने मोजून दाखवलं आणि तुम्हीही मोजा. डंपरची केबिन डावीकडे असते. ऑपरेटर सीटवर बसला की त्याचा डोळा आमच्या डंपरवर जमिनीपासून साधारण ४ मीटरवर येत होता. उजव्या बाजूच्या प्लॅटफॉर्मची कड त्याच्यापासून आडवी ४ मीटर दूर आणि जमिनीपासून ३.२ मीटर उंच. म्हणजे नजर ४ मीटर जाईपर्यंत ०.८ मीटरच खाली उतरते. याच उताराने ती पुढे सरकली तर १.६ मीटर उंचीच्या माणसाचं डोकं दिसायला डोळ्यापासून १२ मीटर लागतात. प्लॅटफॉर्मच्या कडेपासून ८ मीटर. त्या ८ मीटरच्या आत उभा असलेला माणूस ऑपरेटरच्या लेखी नाहीच. जमिनीवरचा दगड तर २० मीटरच्या आत दिसत नाही. बसलेला माणूस, टायर तपासायला वाकलेला फिटर, हे सगळे त्याच हिशेबात.

यातून झेंड्याची उंचीही निघते. जीपवर लांब काठीचा झेंडा लावा असं सगळेच म्हणतात, पण किती लांब? आमच्या मापात प्लॅटफॉर्मची कड ३.२ मीटरवर होती, म्हणजे झेंड्याचं टोक जमिनीपासून त्याहून वर असलं तरच जीप चिकटून उभी असतानाही तो दिसतो. आम्ही किमान साडेतीन मीटर धरलं आणि रात्रीसाठी टोकाला दिवा. त्या दिवशीच्या जीपला झेंडा होता बरं का. कँटीनच्या शेडला अडतो म्हणून ड्रायव्हरने तो वाकवून दोरीने बांधून ठेवला होता. उपाय लिहिलेला असणं आणि दुपारी दोन वाजता तो उभा असणं यात हे असं अंतर पडतं. आम्ही शेवटी शेडचं छप्पर वर घेतलं. ड्रायव्हरला दम देण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

पण झेंडा, कॅमेरा, मागे जाताना वाजणारा अलार्म ही सगळी दुसरी फळी. पहिली फळी म्हणजे जीप आणि माणूस तिथे जाण्याचं कारणच काढून टाकणं. चिठ्ठी द्यायची असेल तर वॉकी-टॉकीवर बोला. शिफ्ट बदलायची असेल तर फेसवर, म्हणजे खोदकामाच्या तोंडाशी नको, बर्मने म्हणजे मातीच्या बांधाने वेगळी केलेली पार्किंगची जागा करा, तिथे डंपर एका बाजूने येईल आणि माणसं दुसऱ्या बाजूने चढतील. जवळ जाणं टळतच नसेल तर आधी ऑपरेटरशी बोलायचं, त्याने इंजिन बंद करून "या" म्हणायचं, मगच पाऊल टाकायचं. हात हलवला, त्याने मान हलवल्यासारखं वाटलं, हे चालत नाही. हॉर्नचा संकेतही ठरवून घ्या. आमच्याकडे पुढे जायला दोन, मागे घ्यायला तीन, आणि हॉर्ननंतर मनात दहा मोजून मगच ब्रेक सोडायचा. हॉर्न आणि हालचाल एकाच क्षणी झाली तर टायरजवळच्या माणसाला त्या हॉर्नचा काही उपयोग नाही.

कॅमेऱ्याबद्दल एकच सांगतो. एप्रिलमध्ये आमच्या ताफ्यातल्या मागच्या कॅमेऱ्यांच्या काचा पाहिल्या तर निम्म्यांवर धुळीचा थर होता आणि केबिनमधल्या पडद्यावर नुसता तपकिरी रंग. शिफ्टच्या सुरुवातीच्या तपासणीत "कॅमेरा आहे / नाही" असा रकाना होता, म्हणून सगळे "आहे" लिहीत. आम्ही रकाना बदलला: मागे उभ्या हेल्परच्या हातात किती बोटं दिसतात ते लिहा. हेल्पर मात्र ठरवलेल्या खुणेवर, इंजिन बंद असताना.

आता रस्ता. तिथेच धूळ, पाणी आणि ब्रेक एकत्र येतात. हॉल रोडचा उतार साधारण १ इन १६ पेक्षा तीव्र नको, हा आपल्याकडचा रुळलेला नियम आहे. ऐकायला सौम्य वाटतो, पण हिशेब करून बघा. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरले तर १७ मीटर तिथेच गेले. कोरड्या, घट्ट रस्त्यावर सपाटीला आणखी १४ मीटरच्या आसपास लागतात, म्हणजे एकूण ३१. उतरणीला हेच ३५ होतात. आता त्याच उतरणीवर टँकरने नुकतंच सगळीकडून पाणी मारलंय आणि वर मातीचा चिखल झालाय असं धरा. पकड कमी झाल्याने एकूण अंतर ५५ मीटरपर्यंत जातं. हे माझे अंदाजाचे आकडे आहेत. तुमच्या डंपरवर, तुमच्या रस्त्यावर, रिकाम्या यार्डात खुणा लावून मोजा. पण प्रमाण असंच राहतं. पुढच्या डंपरच्या धुळीत तीस मीटरच दिसत असेल तर ओला रस्ता आणि कोरडा रस्ता, दोन्हीकडे तुम्ही हरलात.

म्हणून धुळीवरचा उपाय "पाणी जास्त मारा" असा लिहू नका. उतरणीवर टँकरने सलग पाणी मारायचं नाही. पट्ट्यापट्ट्याने मारायचं, मध्ये कोरडी जागा सोडायची, म्हणजे टायरला दर काही मीटरवर पकड मिळते. वळणाच्या आधी आणि डंप यार्डाच्या तोंडाशी थोडं, पण वारंवार. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा एकदा भरपूर मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं आणि मधल्या वेळात चिखल तेवढा होतो. टँकरच्या फेऱ्या घड्याळावर ठरवू नका, धूळ पाहून ठरवा: डंपर गेल्यावर त्याच्या टायरच्या वर धूळ चढायला लागली की टँकरला बोलवा. सर्वांत जास्त धूळ उडते ती डंपरमधून सांडलेल्या मालाचं पीठ झाल्यावर. त्यामुळे वरपर्यंत भरणं थांबवलं आणि ग्रेडर रोज फिरवला तर टँकरचं अर्धं काम वाचतं. हे मी अनुभवाने सांगतोय, पण मालकाला पटवायला सोपं जावं म्हणून हेही सांगा: सांडलेले दगडच टायर कापतात, आणि मोठ्या टायरची किंमत त्यांना तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते.

दिसणारी धूळ आणि फुप्फुसात जाणारी धूळ वेगळी, हेही विसरू नका. रस्त्यावर उठणारा ढग नजर अडवतो. पण छातीत खोल जाणारे कण इतके बारीक असतात की हवा स्वच्छ दिसत असतानाही ते असतात. कोळसा खाण नियम २०१७ प्रमाणे आठ तासांच्या सरासरीत श्वसनयोग्य धूळ प्रति घनमीटर २ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि तीही मोकळी सिलिका ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर. सिलिका जास्त असेल तर १० भागिले सिलिकेची टक्केवारी. आपल्या पट्ट्यात कोळशावर कामठीचा वालुकाश्म असतो, त्यात सिलिका भरपूर. समजा नमुन्यातल्या बारीक धुळीत २० टक्के निघाली, तर मर्यादा अर्ध्या मिलिग्रॅमवर आली. म्हणून कोळशाच्या फेसपेक्षा ओबीच्या, म्हणजे कोळशावरच्या माती-खडकाच्या, ड्रिलवरचा माणूस जास्त धोक्यात असतो, आणि दिसायला मात्र कोळशावाला काळा दिसतो. ड्रिलवर पाण्याची व्यवस्था किंवा धूळ ओढणारा कलेक्टर चालू आहे का, त्याची खालची रबरी झडप फाटलेली नाही ना, हे रोज बघा.

डंपरच्या ऑपरेटरचं संरक्षण त्याच्या केबिनमध्ये आहे. एसी चालू, दार-काच बंद, फिल्टर साफ, एवढं असलं तर त्याला मास्कची फारशी गरज उरत नाही. एसी बंद पडला की मे महिन्यात तो काच खाली करणारच, तुम्ही कितीही बोर्ड लावा. माझ्या यादीत बंद एसी हा "सुविधा" या सदरात नाही, ब्रेकच्या शेजारी आहे. एसी दुरुस्त नसलेला डंपर दुपारच्या शिफ्टला काढायचा नाही, असं मान्य करून घ्यायला मला एक पूर्ण उन्हाळा लागला.

आता बेंच आणि डंप. बेंचच्या रुंदीचा नियम पाठ करा, कारण मोजताना सगळे त्यातला सोयीचा भाग उचलतात. सर्वांत रुंद मशीनची रुंदी अधिक २ मीटर, किंवा डंपर चालत असतील तर डंपरच्या रुंदीच्या तिप्पट, किंवा बेंचची उंची, यांत जे जास्त ते. पाच मीटर रुंद डंपर असेल तर पंधरा मीटर. ही रुंदी बर्म सोडून धरायची, आणि वरच्या बेंचवरून घसरलेल्या मातीखाली गेलेली जागाही सोडून. कागदावरच्या नकाशात १५ असते, टेप लावला की ११ निघते. तिथे डंपर समोरासमोर आले की एक जण कडेकडे सरकतो. बेंचचा प्रश्न असा डंपरचा होतो.

आपल्याकडे वर काळी माती, खाली पिवळी चिकणमाती, मग वालुकाश्म आणि मग कोळसा. खडकाची बेंच उभी राहते, काळी माती राहत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, पहिल्या पावसात भेगा पाणी पितात आणि जुलैत उतार बसतो. त्यामुळे मातीच्या बेंच कमी उंचीच्या ठेवायच्या आणि खाणीच्या कडेला वरच्या बाजूने पाणी वळवणारा नाला पावसाआधी खोदायचा. डंप यार्डासाठी तर मी याहून कडक आहे: डंपच्या खाली काळी माती तशीच सोडून वर ओबी टाकत गेलात तर तो सगळा ढीग साबणावर उभा केल्यासारखा आहे. आधी ती माती काढा. नियमाप्रमाणे डंपचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको आणि ३० मीटरच्या वर गेला की पायऱ्या पाडायच्या. पण खालची जमीनच निसरडी असेल तर हे दोन्ही पाळूनही डंप सरकतो.

डंपची हालचाल किती मोठी असू शकते हे झारखंडातल्या गोड्डा जिल्ह्यातल्या राजमहल खाणीने २९ डिसेंबर २०१६ च्या रात्री दाखवलं. ढीग खाली आला, माणसं आणि यंत्रं दोन्ही गाडली गेली, २३ जण दगावले. २०१७ च्या नियमांत खाणीचा आणि डंपचा उतार शास्त्रीय अभ्यास करूनच ठरवा आणि त्यावर देखरेख ठेवा असं आहे. मोठ्या खाणींत रडार असतं. तुमच्याकडे नसेल तर दोन खुंट्या आणि एक टेप आहे, आणि त्यानेही बरंच कळतं.

कडेला समांतर तडा दिसला की त्याच्या दोन्ही बाजूंना खुंटी ठोका आणि रोज ठरलेल्या वेळी अंतर मोजा. रुंदी किती झाली यापेक्षा दिवसाला किती वाढली ते महत्त्वाचं. समजा पहिल्या दिवशी ४ मिमी वाढला, मग ५, मग ७, मग १०, मग २०. प्रत्येक आकड्याने १ ला भागा: ०.२५, ०.२०, ०.१४, ०.१०, ०.०५. कागदावर हे ठिपके मांडले तर जवळजवळ सरळ रेषेत शून्याकडे उतरताना दिसतात, आणि ती रेषा सहाव्या दिवशी शून्याला टेकते. तो दिवस म्हणजे उतार सुटण्याचा अंदाज. चौथ्या दिवशी ही रेषा दिसायला लागते, तेव्हाच खालची माणसं, पंप आणि डंपर बाहेर काढायचे. पाचव्या दिवसाची वाट पाहू नका. मोजायला जाणारा माणूसही तड्याच्या कडेपासून दूरच्या बाजूने, खंबीर जमिनीवरून जाईल, आणि वाढ दिसायला लागल्यावर खुंटी लांबून दुर्बिणीने वाचायची. माती आणि ओबीच्या ढिगाला ही पद्धत बरी लागू पडते. सांध्यांनी भरलेल्या वालुकाश्मात दगड कधी काहीच न सांगता सुटतो, आणि पाऊस पडला की रेषा एका रात्रीत मोडते. म्हणून पायथा फुगणं, नवीन झरा दिसणं, बारीक खडे सारखे गडगडणं, यांपैकी एकही दिसलं तर आकडेमोड बाजूला ठेवून खालची जागा रिकामी करा.

डंपच्या कडेवर डंपर रिकामा करताना दोन गोष्टी पाळायला लावा. पहिली, कडेला पोचताना कड डाव्या हाताला ठेवून यायचं, कारण केबिन डावीकडे आहे. ऑपरेटरला तडे आणि बर्म खिडकीतून दिसतात, मग उजवीकडे वळून सरळ मागे घ्यायचं. उलट्या बाजूने आला तर कड पूर्ण आंधळ्या जागेत जाते. दुसरी, बर्म हा मागच्या चाकाला थांबवण्यासाठी नाही, कड कुठे आहे ते सांगण्यासाठी आहे. ६० टनी डंपरचं टायर दोन मीटरच्या वर उंच असतं. त्याच्या निम्म्या उंचीचा मातीचा बांध भरलेल्या डंपरला अडवेल ही आशा नको. पावसाळ्यात आणि रात्री मी तर कडेवर टाकूच देत नाही: दहा-बारा मीटर अलीकडे रिकामा करायचा आणि डोझरने ढकलायचं. डोझर ऑपरेटर कुरकुरतो, डिझेल जास्त जातं. जाऊ द्या.

आता तुमचा कागद. चार रकाने मॅनेजर साहेबांना हवे असतील तर द्या, पण प्रत्येक उपायापुढे तो कोण बघणार आणि दिसला नाही तर काम कुठे थांबणार हे लिहा. "बर्म असावा" असं नको. "बर्म टायरच्या उंचीपेक्षा कमी दिसला तर त्या कडेवर डंपिंग बंद, ओव्हरमनने डोझर लावल्यावरच सुरू" असं लिहा. टिप्पर आणि मोठे डंपर एकाच रस्त्यावर असतील तर तो मुद्दा सगळ्यात वर घ्या आणि वेगळ्या रस्त्याची मागणी लेखी करा, कारण टिप्परचा ड्रायव्हर मोठ्या डंपरच्या आंधळ्या जागेत चालवत असतो आणि त्याला ते माहीतही नसतं. उद्याच एका टिप्पर ड्रायव्हरला उभ्या डंपरच्या सीटवर बसवा, इंजिन बंद करून, आणि त्याचाच टिप्पर उजवीकडे आणून लावा. खाली उतरल्यावर तो काय म्हणतो ते ऐका, आणि तुमच्या डंपरवर ऑपरेटरच्या डोळ्याची आणि उजव्या प्लॅटफॉर्मच्या कडेची मापं काय निघाली ते इथे लिहा. झेंड्याची लांबी आपण त्यावरून काढू.